खड्ड्याबाहेरचं पाणी

मे महिन्याच्या मध्यावर त्या साइटवर गेलो तेव्हा मुकादमकाका खड्ड्याकडे पाठ करून उभे होते. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि सात मीटर खोल असा तो खड्डा. दोन तळघरांच्या इमारतीसाठी खणलेला. खाली पोकलेन खडखडत होता, डंपर रॅम्पवरून चढत होते, आणि काका मात्र डोंगराकडे बघत होते. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी ही जागा. मागे चढाची जमीन, त्यावर एका सोसायटीचं पार्किंग, त्याच्या वर झाडी.

“काय बघताय काका?”

“पाणी कुठून उतरतं ते बघतोय साहेब. मातीवर पाण्याच्या जुन्या वाटा दिसतात. मागच्या वर्षीच्या.”

मी तीस वर्षं साइटवर काढून निवृत्त झालेला माणूस. इथली साइट इंजिनिअर, साइटवर सगळ्यांची ‘मॅडम’, कधीकाळी माझ्या हाताखाली शिकलेली. तिनं मला बोलावलं होतं ते पावसाळी कामांचा आराखडा एकदा नजरेखालून घालायला. फाइल अकरा पानांची होती. पंप किती, ताडपत्र्या किती, गमबूट किती, रेनकोट किती, सगळं व्यवस्थित. अशा फायली मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत आणि खोटं कशाला बोलू, काही स्वतःही लिहिल्या आहेत. त्यांत सामान मोजलेलं असतं, पाणी मोजलेलं नसतं. काका नेमकं ते मोजत होते, त्यांच्या पद्धतीनं.

आम्ही केबिनमध्ये बसून तेच आकड्यांत केलं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला. ठाणे-मुंबईत असा तास दर पावसाळ्यात एकदा तरी येतोच. खड्ड्याचं क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर. म्हणजे तासाभरात खड्ड्यात थेट पडणारं पाणी १२० घनमीटर, दहा हजार लिटरचे बारा टँकर. फाइलीतले पंप या बारा टँकरांसाठी पुरेसे होते. मग मागचा चढ मोजला. साइटकडे उतरणारी जमीन साधारण एक हेक्टर. तिच्यावर तेवढ्याच वेळात ५०० घनमीटर पाणी पडतं. थोडं मुरेल, थोडं झाडीत अडेल, पण पार्किंगचं काँक्रीट आणि आधीच भिजलेली जमीन लक्षात घेता दोन तृतीयांश तरी खाली येणार. ते झाले तेहतीस टँकर.

ती आकड्यांकडे बघत राहिली. “सर, म्हणजे खड्ड्यातलं पाणी हा आपला प्रश्नच नाही.”

प्रश्न आहे, पण दुय्यम. आत आलेलं पाणी उपसायला डिझेल लागतं, पंप लागतात, रात्रपाळीची माणसं लागतात. बाहेरचं पाणी बाहेरच वळवायला एक चर लागतो. खड्ड्याच्या वरच्या बाजूनं, कडेपासून अंतर ठेवून, चढाला आडवा खणलेला चर. शंभराला एक असा उतार दिला तर दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चरातून ते तेहतीस टँकर निघून जातात, वर जागा शिल्लक राहते. हिशोबात. प्रत्यक्षात पहिल्याच सरीत पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि डोंगरातली तांबडी माती येऊन त्याचा गळा आवळते. म्हणून वळणावर गाळ बसायला छोटी टाकी, आणि ती रोज सकाळी उपसायला ठरलेला माणूस. चराच्या किमतीपेक्षा या माणसाची हजेरी महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट, जी अनेक साइटवर चुकते. चर नुसता मातीत खणून सोडायचा नाही. कच्च्या चरात पाणी साचलं की ते तळातून मुरतं आणि शेजारच्याच खड्ड्याच्या भिंतीमागे जाऊन बसतं. खड्डा वाचवायला काढलेला चर मग खड्ड्यालाच आतून पाणी पाजतो. त्यामुळे तळ आणि बाजू काँक्रीटनं बांधून काढायच्या, तेवढा वेळ नसेल तर निदान जाड प्लास्टिक अंथरून कडा दाबून टाकायच्या. चराच्या आतल्या अंगाला फूटभर उंचीचा बांध. खड्ड्याच्या रॅम्पच्या तोंडाशीही एक उंचवटा हवा, गतिरोधकासारखा, कारण रॅम्प म्हणजे रस्त्यावरच्या पाण्यासाठी खड्ड्यात उतरणारी घसरगुंडीच.

चर ५ जूनपर्यंत पूर्ण करायचा असं फाइलीत लिहिलं. मुंबई परिसरात मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे हाताशी सहा दिवस.

यंदा, २०२५ साली, मोसमी पाऊस मुंबईत आला २६ मे रोजी. सोळा दिवस आधी. त्या दिवशी वरळीत मेट्रो तीनच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात, जिथं एका प्रवेशमार्गाचं काम अजून चालू होतं, तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली आणि पाणी थेट स्थानकात शिरलं. तो टप्पा लोकांसाठी खुला होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तयार स्थानकात पाणी आलं ते शेजारच्या अर्धवट कामातून.

आमच्या साइटवर चर दोन तृतीयांश झाला होता. उरलेल्या भागातून पाणी कडेवरून सरळ आत कोसळलं. दोन तासांत खड्ड्यात गुडघाभर चिखलपाणी, एक पंप गाळानं गुदमरून बंद. पण जेवढा चर झाला होता तेवढ्या बाजूची कड कोरडी उभी होती. संध्याकाळी काकांनी बिगारी, सुतार, फिटर, सगळ्यांना एकाच कामाला जुंपलं आणि चार दिवसांत चर पुरा केला. पुढच्या वर्षी फाइलीत तारीख १० मे असणार आहे, असं मॅडमनी तिथंच सांगून टाकलं.

पंपांबद्दल बोलायचं तर लोक फार अश्वशक्ती मोजतात. सात-आठ मीटर खोलीतून दहा अश्वशक्तीचा चिखलपंप तासाला अदमासे नव्वद घनमीटर पाणी वर टाकतो. असे दोन चालू, एक राखीव, आणि राखीव पंप डिझेलवरचा, कारण जोराचा पाऊस आणि वीज यांचं जमत नाही. इथपर्यंत सोपं. पंप कुठं बसवायचा हे जास्त महत्त्वाचं. खड्ड्याच्या तळाला हलका उतार देऊन पाणी कोपऱ्यातल्या हौदात आणायचं, आणि हा हौद कापलेल्या भिंतीच्या अगदी पायाशी खणायचा नाही, नाहीतर भिंतीचा पायच मोकळा होतो. हौदात भोकं पाडलेलं पिंप उभं करायचं, भोवती खडी भरायची, पंप पिंपात लटकवायचा. मग पाइपातून येणारं पाणी बघत राहायचं. पहिला अर्धा तास गढूळ येईल, नंतर निवळलं पाहिजे. सतत गढूळच येत असेल तर तुम्ही पाणी उपसत नाही, जमीन उपसताय. ती माती कुठल्या तरी भिंतीमागून, शेजाऱ्याच्या पायाखालून येते आहे.

आणि उपसलेलं पाणी टाकायचं कुठं? समोरच्या नाल्यात. नाला खाडीला मिळतो, खाडीला भरती येते. मुंबईतल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेल्या होत्या, आता नव्या रचनेत ५० धरतात. त्यावर भरती आली की तेही गणित थांबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी कुणाच्याही पंपाला पाणी टाकायला जागा नव्हती. म्हणून आम्ही आराखड्यात एक वाक्य घातलं, जे ठेकेदाराच्या माणसाला आधी चमत्कारिक वाटलं: भरतीच्या वेळी नाला तुडुंब असेल तर पंप बंद ठेवावेत, खड्ड्यात एक फुटापर्यंत पाणी साचू द्यावं. २,४०० चौरस मीटरवर एक फूट म्हणजे सातशेहून जास्त घनमीटर. ताशी ५० मिलिमीटरनं सहा तास पाऊस पडला तरी मावतं. खड्डा हीच आपली टाकी. फक्त त्याआधी सळया, विजेच्या केबल, वेल्डिंग मशीन सगळं वर आलेलं असलं पाहिजे.

मात्र टाकी म्हणून वापरलेला खड्डा घाईनं रिकामा करायचा नाही. पाणी आत असतं तोवर ते भिंतीला आतून टेकू देत असतं. भिंतीमागची माती भिजून जड झालेली असते. आतलं पाणी तीन तासांत काढून घेतलं तर टेकू गेला आणि मागचा भार तसाच राहिला. मी पाहिलेल्या दरडींपैकी बऱ्याच पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावर, “चला, उपसा पटकन” म्हटल्यावर आलेल्या आहेत.

आता खड्ड्याच्या बाजूंविषयी. खड्ड्याच्या तीन बाजूंना जवळजवळ उभे पाइल आणि त्यांमध्ये जाळीवर मारलेलं काँक्रीट होतं. चौथी बाजू रॅम्पची. तिथं पाइल नव्हते, पायऱ्या-पायऱ्यांनी उतार कापला होता. वर भराव, मग पिवळसर चिकण माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरमाला पाण्याचं फारसं काही वाटत नाही. पिवळी माती कोरडी असताना विटेसारखी उभी राहते आणि भिजली की लोण्यासारखी होते. मे महिन्यात ती बघून कुणालाही वाटतं, हिला काय धाड भरली आहे. ज्यांनी उतार कापला त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण तो हवा त्याहून उभा होता.

जुलैत त्या उताराच्या कडेपासून दोन मीटर आत, कडेला समांतर, एक बारीक भेग दिसली. भेग समांतर असणं ही वाईट खूण. उन्हानं तडकलेल्या मातीच्या भेगा वेड्यावाकड्या असतात. सरकू पाहणारी दरड सरळ रेघ मारते. मॅडमनी भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर खूण केली आणि वहीत अंतर लिहायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ. तीन आठवडे आकडा हलला नाही. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीनं ठासून वर ताडपत्री टाकलेली होती. पण कडेपासून हाताच्या अंतरावर सळयांची थप्पी होती. खोदाईच्या सुरक्षेचे नियम सांगतात की कडेलगत भार ठेवू नये, आणि ते सगळ्यांना पाठ असतं. पण क्रेनचा हात तिथपर्यंतच पोचतो.

१८ ऑगस्टला पावसानं जोर धरला. सकाळी आकडा चार मिलिमीटरनं वाढलेला. दुपारी सात. संध्याकाळी सहाला अकरा. नुसता आकडा बघून मी कदाचित घाबरलो नसतो. वाढीचा वेग बघून घाबरलो. त्याच वेळी काकांनी दुसरी खूण दाखवली. शेजारच्या भिंतीतल्या पाणी गळायच्या नळ्या दिवसभर वाहत होत्या, त्यांतल्या रॅम्पजवळच्या दोन अचानक थांबल्या होत्या. एवढ्या पावसात नळी कोरडी पडते याचा अर्थ मागचं पाणी संपलं असा कधीच नसतो. नळी बुजलेली असते आणि पाणी आत तुंबत असतं.

त्या रात्री जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण क्रम चुकला तर माणसं जातात. आधी खड्ड्यातून सगळी माणसं बाहेर, पंपवालाही. मग वरची थप्पी हलवली, क्रेन लांब उभी करून, एकेक बंडल. मग उताराच्या पायाशी भार टाकायला सुरुवात केली, दगड आणि मुरमाची पोती, तेही दुसऱ्या टोकाकडून पोकलेनचा हात लांबवून, उताराखाली कुणालाही उभं न करता. नवख्या माणसाला वाटतं की सरकणारी माती खालून कापून टाकावी म्हणजे ओझं कमी होईल. ओझं डोक्यावरून उतरवायचं असतं आणि पायाशी ठेवायचं असतं. बुजलेल्या नळ्यांत दुरूनच सळई घालून त्या मोकळ्या करता येतात का, असं कुणीतरी विचारलं. नाही म्हटलं. त्या भिंतीजवळ रात्री कुणीही जाणार नव्हतं.

पहाटे चारच्या सुमारास उताराचा वरचा तुकडा, साधारण आठ मीटर लांबीचा, खाली बसला. आवाज मोठा नव्हता, ओल्या गोणीसारखा. पायाशी टाकलेल्या दगडांनी त्याला तिथंच धरलं, रॅम्पचा अर्धा भाग गेला. कामगारांच्या खोल्या प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर होत्या. मूळ नकाशात त्या याच कडेखाली, रॅम्पच्या बाजूच्या सपाट जागेवर दाखवल्या होत्या. पाणी, वीज जवळ पडते म्हणून. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर संरक्षक भिंत कोसळली ती खालच्या कामगारांच्या झोपड्यांवर, आणि १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. मे महिन्यात फाइल चाळताना मी चूक म्हणून लाल पेननं खोडलेली पहिली गोष्ट म्हणजे खोल्यांची ती जागा.

काँक्रीटची वेळ आली सप्टेंबरमध्ये. राफ्टचा एक भाग, २१६ घनमीटर, म्हणजे ट्रान्झिट मिक्सरच्या छत्तीस फेऱ्या. पावसात काँक्रीट करूच नये असं म्हणणं सोपं आहे. पण पावसाळ्यात खड्डा उघडा ठेवणं त्याहून धोक्याचं, तळ जेवढा लवकर झाकला जाईल तेवढं बरं. म्हणून तर खोदाईतला शेवटचा अर्धा-पाऊण फूट थर मुद्दाम ठेवलेला होता. तो काढायचा आणि त्याच दिवशी वर पीसीसी टाकायचं, नाहीतर एका सरीत तळाचा चिखल होतो आणि तो चिखल पुन्हा खरवडावा लागतो.

पावसानं काँक्रीट बिघडतं ते बहुतेक वेळा साइटवर पोचायच्या आधीच. प्लांटवरची उघडी वाळू भिजते. एका घनमीटरला ७५० किलो वाळू धरा. सकाळी तिच्यात दोन टक्के पाणी होतं, सरीनंतर सहा झालं, तर घनमीटरमागे तीस लिटर पाणी कुणी न घालताच शिरलं. १६० लिटर पाणी आणि ३८० किलो सिमेंट असं ठरलेलं असेल तर पाणी होतं १९०, आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४२ वरून ०.५० वर जातं. ताकदीचा एक आख्खा दर्जा गेला. म्हणून प्लांटवर दर दोन तासांनी वाळूची ओल मोजायची आणि तेवढं पाणी कमी करायचं असं आधीच लिहून घेतलं होतं. साइटवर हे पकडायचं साधन म्हणजे स्लम्पचा शंकू. आम्ही १२० मिलिमीटर मागितला होता. अकरावी गाडी १८० ला बसली. चालक म्हणाला, “साहेब, वाटेत पाऊस होता.” असेल. गाडी परत गेली.

बाविसाव्या गाडीला आमच्याकडे सर आली. रडारचं चित्र मोबाइलवर बघत होतो, चाळीस मिनिटं आधी कल्पना होती. भरणं वरच्या टोकाकडून खालच्या कोपऱ्याकडे चाललं होतं, म्हणजे काँक्रीट स्वतःच पाण्याला पुढे ढकलत नेतं आणि कोपऱ्यातला पंप ते उचलतो. उलट्या दिशेनं भरलं तर पाणी काँक्रीटखाली गाडलं जातं. मॅडमनी काँक्रीटचा पंप थांबवला, भरलेल्या भागावर पाइपांच्या सांगाड्यावरून ताडपत्र्या ओढल्या, उभ्या कडेला आधीच ठोकलेल्या जाळीच्या आडोशापर्यंत काँक्रीट नेऊन कंपन करून घेतलं. हा आडोसा ढग आल्यावर ठोकता येत नाही. तो सकाळीच, थांबावं लागलं तर कुठं थांबायचं हे ठरवून, लावावा लागतो.

एका कोपऱ्यात ताडपत्री उडाली आणि पृष्ठभागावर पाणी साचलं. एक जुना मिस्त्री सवयीनं सिमेंटची गोणी फोडायला निघाला. कोरडं सिमेंट भुरभुरवायचं आणि वरून थापी मारायची, की वर छान गुळगुळीत दिसतं. ते पाणी थापीनं आत घोटलं जातं, वर दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा तयार होतो आणि वर्षाच्या आत खपल्यांनी निघतो. काकांनी त्याच्या हातातून गोणी घेतली, त्याला स्पंज दिला. पाणी टिपून काढायचं, हात लावायचा नाही.

पाऊस पन्नास मिनिटांनी ओसरला. पुढे भरायचं की जोड सोडून उद्यावर ढकलायचं? मॅडमनी व्हायब्रेटरची नीडल थांबलेल्या कडेवर उभी धरली. ती स्वतःच्या वजनानं आत गेली, बाहेर काढल्यावर भोक मिटलं. काँक्रीट जिवंत होतं. भोक उघडं राहिलं असतं तर तिथंच थांबून, दुसऱ्या दिवशी वरची साय टोचून काढून, नव्यानं जोड घ्यावा लागला असता. रस्त्यात अडकलेल्या तीन गाड्यांपैकी एकीची दोन तासांची मुदत उलटली होती, ती आत घेतली नाही. रात्री अकराला शेवटची गाडी रिकामी झाली. पहाटे पुन्हा पाऊस आला तेव्हा कुणी ताडपत्र्या ओढल्या नाहीत. तोवर काँक्रीट धरलं होतं, आणि धरलेल्या काँक्रीटवर पडणारा पाऊस म्हणजे फुकटचं पाणी मारणं.

अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचे आकडे हा लेख छापायला जाईपर्यंत आलेले नसतील. सात दिवसांचे ठीक आले.

दिवाळीनंतर शहरभर नव्या खोदाया सुरू होतील आणि मेअखेरीला त्यांतल्या बऱ्याच उघड्याच असतील. तुमच्या सोसायटीला खेटून असा खड्डा पडणार असेल तर जूनची वाट बघू नका. तुमच्या पार्किंगचं पाणी कुठं जाणार आहे ते आताच लेखी विचारा. पावसात तुमच्या आवारात कुंपणाला समांतर सरळ भेग दिसली तर तिच्या दोन बाजूंना दोन खुणा करा, मधलं अंतर तारखेसह लिहून ठेवा. ते वाढत असेल तर गाड्या हलवा, त्या बाजूला मुलांना खेळू देऊ नका आणि त्याच दिवशी महापालिकेला कळवा.